वासरं कुठं गेली?

आत्याने मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता. ओटीवर ऊन उतरले होते आणि पडद्यावर तिचे स्वतःचेच तोंड दिसत होते, म्हणून तिने पदराची सावली केली आणि माझाच आवाज माझ्यासमोर ऐकला. साठ सेकंद झाले. रील संपली आणि आपोआप पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिला वाटले की आपल्याच बोटाने काहीतरी बिघडले. मी मोबाइल परत घेतला. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, “बरी झाली गं. आवाज अगदी वहिनीसारखा लागलाय तुझा. पण वासरं कुठं गेली?”

मी म्हटले, “कोणती वासरं?” आणि म्हणता म्हणताच मला कळले की कोणती.

रील होती खुलभर दुधाच्या कहाणीची. श्रावणातल्या सोमवारची कहाणी आहे, तेव्हा ती येथे सांगत बसत नाही. राजा, गाभारा, दवंडी आणि म्हातारी एवढे शब्द उच्चारले की वाचकांच्या कानांत पुढचे आपोआप सुरू होईल. माझी भाची असल्या छोट्या चित्रफिती करते. तिने जुलैमध्ये मला गाठले आणि म्हणाली, “मावशी, श्रावणासाठी एक गोष्ट हवी आहे. साठ सेकंद, तुझा आवाज, आणि शेवटी लक्षात राहील असं एक वाक्य.” यूट्यूबच्या शॉर्ट्सची मर्यादा २०२४च्या ऑक्टोबरात तीन मिनिटांवर गेली आहे, हे तिनेच मला सांगितले होते, तरी ती साठावर अडून बसली. तीन मिनिटे थांबणारा माणूस वेगळा आणि एक मिनिट थांबणारा वेगळा, असे तिचे म्हणणे. मला साठ या आकड्याचे हसू आले. आपल्या कहाण्या तर शतकानुशतके एकाच वाक्याने संपत आल्या आहेत: ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरी सुफळ संपूर्ण. साठ उत्तरांत सांगण्याजोगी गोष्ट आम्ही पाचांत आटोपली, अशी कबुली देऊनच आपल्या बायका हातातल्या अक्षता वाहत आल्या. म्हणजे कापाकापीची परंपरा आपल्याकडे आहेच, असे मी स्वतःला सांगितले आणि कात्री हातात घेतली.

घरच्या जुन्या आरतीसंग्रहातली कहाणी मी प्रथम घड्याळ लावून वाचली. सव्वाचार मिनिटे लागली. भाची म्हणाली, शब्द मोज. मी मोजले, सावकाश, कळेल असे सांगताना माझे मिनिटाला सव्वाशे शब्द होतात. पण मराठीत शब्द मोजणे फसवे असते. ‘तो’ हाही एक शब्द आणि ‘ओतल्याबरोबर’ हाही एकच. म्हणून मी अक्षरे मोजू लागले, तेव्हा हिशेब सरळ झाला: सेकंदाला साडेपाच अक्षरांच्या आसपास जीभ नीट चालते, त्याच्या पुढे गेले की गोष्ट सांगणे संपते आणि बातम्या देणे सुरू होते. शिवाय साठांतले दहा-बारा सेकंद मोकळे ठेवावे लागतात, कारण ऐकणाऱ्याला चित्र उभे करायला वेळ लागतो. उरले अठ्ठेचाळीस सेकंद, म्हणजे शंभराच्या आत शब्द. सव्वाचार मिनिटांतले तीन चतुर्थांशाहून अधिक काढून टाकायचे होते.

काय काढावे याचा विचार मी फारसा केला नाही. हात आपोआप ‘तपशिला’कडे गेला. राजाची भक्ती राहिली, दवंडी राहिली, गाभारा राहिला, म्हातारी राहिली, चमत्कार राहिला. वासरांना न पाजता आणलेले दूध आणि म्हातारीने घरचे आटोपून, लेकरांना खाऊ घालून, गाईवासरांना चारा घालून मग निघणे, हे सगळे गेले. कारण त्याने गोष्ट ‘पुढे सरकत’ नव्हती. सुरुवातीला भाचीने एक प्रश्न चिकटवला, “एवढ्याशा वाटीनं अख्खा गाभारा कसा भरला?” आणि शेवटी मी माझे वाक्य लिहिले: “देवाला दुधाचं माप नको, भाव हवा.” ते वाक्य सुचले तेव्हा मला स्वतःचेच कौतुक वाटले होते. म्हणायला सोपे, ऐकायला गोड, कोणाला टोचणारे नाही.

रील खूप फिरली. हात जोडलेले लहान पिवळे पंजे रांगेने येत राहिले. पंधरा दिवसांनी ती मलाच परत आली, एका नात्यातल्या गटावर, कुठल्याशा देवळाच्या वर्गणीच्या निरोपाखाली. निरोप असा होता, की ज्याला जमेल तितके द्यावे, खुलभर का होईना पण प्रत्येक घरातून आलेच पाहिजे. आणि न देणाऱ्या घरांची यादी फलकावर लागेल. मी तो निरोप दोनदा वाचला. घराघरातून सक्तीने दूध गोळा करणाऱ्या राजाला खडसावणारी म्हातारी, आणि तिच्याच आवाजात आता दवंडी पिटली जात होती. आवाज माझा होता.

आत्याचा प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यातला.

त्या रात्री गावी झोप लागेना. पावसाची बारीक रिपरिप होती, पत्र्यावर वाजत होती, आणि मला आमच्या जुन्या घरातली सोमवारची संध्याकाळ आठवत राहिली. शाळा सकाळची असायची. दिवसभर उपास, त्यात आमचा मुलांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी दोन वेळा मागणे. संध्याकाळी सोडायचा म्हणून आई चार वाजल्यापासून चुलीपाशी असे. दिवेलागणीला कहाणी. आजी पाटावर, तिच्यासमोर आम्ही चार-पाच जण, प्रत्येकाच्या मुठीत पाच-पाच तांदळाचे दाणे, आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. हाताला घाम येऊन दाणे तळव्याला चिकटायचे. स्वयंपाकघरातून वरणाला दिलेल्या फोडणीचा वास यायचा आणि म्हातारी मात्र अजून देवळाच्या वाटेवरच असायची. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी एकाने मधून मधून ‘हं’ म्हणायचे असा दंडक होता. हुंकार थांबला की आजी थांबायची. हा हुंकार बहुधा आत्याकडे असे, कारण ती श्रावणात माहेरपणाला आलेली असायची. मोठी माणसे कशी कुठेही ‘हं’ म्हणत, तशी ती म्हणत नसे. ती ऐकून, मोजून म्हणायची.

आणि त्याच वेळी गोठ्यात धार काढायची वेळ झालेली असायची. हे मी विसरले होते. पोथीतले शब्द वाचताना वासरे हा मला तपशील वाटला, पण आजी ज्या घरात ती कहाणी सांगत होती त्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे खरोखरच एक वासरू दाव्याला हिसडे देत हंबरत असे. गाय आधी वासराला पाजल्याखेरीज पान्हा सोडत नाही. म्हणून वासरू सोडायचे, त्याने दोन-चार ढुशा द्यायच्या, सडांना तोंड लावायचे, दूध उतरले की त्याला मानेला धरून बाजूला ओढून पुन्हा बांधायचे आणि चरवी घेऊन बसायचे. हे ओढणे मला लहानपणी बघवत नसे. वासराच्या तोंडाला फेस असायचा आणि जीभ हवेतच चालत राहायची. आत्या तीन सड पिळायची आणि चौथ्याला हात लावायची नाही. तो वासराचा. एकदा घरी पाहुणे होते आणि दूध कमी पडणार म्हणून आजोबा म्हणाले, आज चौथाही काढ. आत्याने चरवी उचलली, वासराचे दावे सोडले आणि काही न बोलता घरात गेली. चहा त्या दिवशी सगळ्यांना अर्धा अर्धा कप मिळाला.

म्हणजे कहाणी ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होते की सगळे दूध देवळात नेणे याचा अर्थ काय. तिला समजावून सांगावे लागत नव्हते. मला मात्र आता साठ सेकंदांत अशा माणसांना सांगायचे होते, ज्यांच्याकडे दूध पिशवीतून येते आणि पिशवीला कोणी हंबरत नाही.

पुण्याला परत आल्यावर मी भाचीला म्हटले, आपण ती पुन्हा करू. ती म्हणाली, “मावशी, चालली आहे ती. चाललेली रील कोणी पुन्हा करत नाही.” तिचे चुकत नव्हते. पण मला माझे ते गोड वाक्य सलत होते, आणि ते का सलते हे शोधताना एक साधी परीक्षा सापडली. ‘देवाला माप नको, भाव हवा’ हे वाक्य उचलून मी सुदाम्याच्या पोह्यांना लावून पाहिले, बसले. शबरीच्या बोरांना लावले, तेथेही बसले. द्रौपदीच्या थाळीतल्या भाजीच्या पानालाही बसले. जे तात्पर्य कोणत्याही गोष्टीच्या शेपटाला बांधता येते ते त्या गोष्टीचे नव्हेच. मग या कहाणीत असे काय आहे, जे त्या तिन्ही गोष्टींत नाही? चमत्कार नव्हे, तो सगळीकडे आहे. म्हातारीचे गरीब असणेही नव्हे. आहे तो फक्त तिच्या सकाळचा क्रम. आधी घर, आधी लेकरू, आधी गोठा, आणि मग उरलेले देवाला. राजाचा क्रम नेमका उलटा आहे. सबंध कहाणी या दोन क्रमांच्या खिळ्यावर टांगलेली आहे आणि मी तो खिळाच उपटला होता.

असे कळल्यावर कापणे सोपे झाले. वासरू दोनदा यायला हवे, एकदा उपाशी आणि एकदा पाजलेले. बाकीचे त्या दोन जागांच्या सोयीने. तीन सोमवारांचे काय करावे हा पेच होता. तोंडी गोष्टीला तीनाची आवृत्ती लागते, कारण पहिल्या वेळी ऐकणारा चकित होतो, दुसऱ्या वेळी खात्री करतो आणि तिसऱ्या वेळी तो स्वतःच राजाच्या शेजारी जाऊन बसतो. पण साठ सेकंदांत तीन वेळा गाभारा भरणे शक्य नाही. मधला सोमवार मी तीन शब्दांत उरकला. राजाचे शिपाई, पहारा, गुरव, म्हातारीचे अभयवचन मागणे, हे सगळे गेले; त्यांतले अभयवचन जाताना मला वाईट वाटले, त्याबद्दल पुढे सांगते. ‘खुलभर’ हा शब्द भाचीला ‘वाटीभर’ करायचा होता. मी तिला म्हटले, कळत नाही म्हणूनच तो लक्षात राहील. पोरे विचारतील, खुलभर म्हणजे किती. आणि गोष्टीतला एखादा शब्द कोणाला तरी विचारावा लागणे यासारखे चांगले काही नाही.

सुरुवातीच्या प्रश्नावरून आमचे खरे भांडण झाले. तिच्या धंद्यात पहिले तीन सेकंद म्हणजे उंबरठा. तेवढ्यात माणूस आत आला नाही तर बोट वर सरकते. म्हणून आधी कोडे घालायचे. पण कोडे घातले की चमत्कार पहिल्याच वाक्यात फुटतो आणि उरलेले सत्तावन्न सेकंद त्याचे स्पष्टीकरण होऊन बसते. मी म्हटले, ‘आटपाट नगर होतं’ हे नऊ अक्षरांत होते, दीड सेकंदात, आणि मराठी माणसाच्या मनात त्या दीड सेकंदात सबंध नगर उभे राहते. याहून स्वस्त सुरुवात कोणती? चार्ल्स ऑगस्टस किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली या कहाण्या इंग्रजीत नेल्या, तेव्हा आटपाट हे त्या गावाचेच नाव असल्यासारखे त्याने लिहिले आहे. ते वाचताना मला आधी हसू आले होते. नंतर वाटले की तोही बरोबरच आहे, आपण सगळे लहानपणी त्या गावी राहून आलो आहोत. भाचीने हात टेकले.

शेवटचे वाक्य मात्र चार दिवस सापडले नाही. एवढे ठरले होते की ते निवेदकाने बोलायचे नाही. कहाणी सांगणारी बाई उपदेश करू लागली की ती शाळा होते. म्हातारीने राजाला दिलेले उत्तर म्हणून तेच शब्द आले, की समोर ऐकणारा राजा असतो आणि आपण नुसते कानोसा घेत असतो. पोथीतली म्हातारी राजाला सांगते, की तुझ्या आज्ञेने वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, मोठ्या माणसांची हाय हाय झाली, हे देवाला आवडत नाही. हे तसेच्या तसे घ्यावे तर लांब होते आणि ‘आवडत नाही’वर येऊन ढिले पडते. आपल्या म्हणींचा बांधा पाहा: त्या बहुतेक दोन तुकड्यांच्या असतात, पहिला तुकडा दाराशी येऊन थांबतो आणि दुसरा त्याच वजनाचा असून दार उघडतो. ‘भुकेल्या वासराचं दूध देवाला चालत नाही’ हे मी लिहिले आणि खोडले. तो नियम झाला. ‘वासरू रडतं तिथं देव येत नाही’ हेही खोडले. ते धमकीसारखे वाटले. शेवटी भाजी निवडताना एक सुचले आणि हाताला मेथी लागलेली असतानाच मी ते दुधाच्या हिशेबाच्या वहीवर लिहिले. पूर्ण मजकूर असा झाला:

“आटपाट नगर होतं. तिथल्या राजाला वाटलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. त्यानं दवंडी पिटली, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक भ्याले. वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, म्हाताऱ्यांना दिलं नाही. घागरीमागून घागरी ओतल्या, गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. घरून निघताना तिनं वासरू सोडलं होतं, नातवंडांना दूध दिलं होतं. उरलेलं खुलभर दूध तिनं पिंडीवर ओतलं, आणि गाभारा काठोकाठ भरला. पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः जाऊन बसला. त्यानं म्हातारीचा हात धरला. ‘माझ्या घागरींनी भरला नाही, तुझ्या खुलभर दुधानं कसा भरला?’ म्हातारी म्हणाली, ‘राजा, तुझ्या दुधात वासरांचं हंबरणं होतं. वासरू उपाशी, तिथं देव उपाशी.’”

त्र्याण्णव शब्द. बोलायला शेहेचाळीस सेकंद आणि थांबायला बारा. बारांतले दोन सेकंद ‘गाभारा भरेना’नंतर, दोन ‘काठोकाठ भरला’नंतर, आणि सर्वांत मोठा थांबा राजाच्या प्रश्नानंतर, अडीच सेकंदांचा, बाकीचे अर्ध्या-पाऊण सेकंदाचे, श्वासापुरते. अडीच सेकंद मोबाइलवर फार वाटतात. भाचीने ते पाहून कपाळाला हात लावला, कारण शांतता झाली की लोकांना वाटते, इंटरनेट अडकले.

आवाज घ्यायला आम्ही कपाटात बसलो. खरोखर कपाटात, बैठकीच्या उघड्या भिंतींवरून आवाज घुमून येतो आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही, तर साड्यांच्या घड्या आणि वर टाकलेली गोधडी तो पिऊन टाकतात. पंखा बंद. खाली कोणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबलो. पहिल्या तीन वेळा ‘गाभारा भरेना’ फुकट गेले, कारण ‘भ’बरोबर तोंडातून हवेचा गोळा सुटतो आणि माइकमध्ये तो कोणी दार आपटावे तसा वाजतो. मोबाइल तोंडासमोरून काढून वीतभर अंतरावर, ओठांच्या बाजूला तिरका धरला, तेव्हा ते थांबले. पण खरी अडचण शेवटच्या वाक्याची होती. मी ते जेव्हा जेव्हा म्हणत असे, तेव्हा माझा आवाज चढत असे आणि शब्दांवर शब्द ठासत असे; गणपतीच्या वक्तृत्वस्पर्धेतल्या मुलीसारखा. अकरा वेळा ऐकून मला उमगले, की यात ते कापलेले अभयवचन उणे आहे. पोथीतल्या म्हातारीचा हात राजाने धरलेला आहे आणि ती भ्यालेली आहे; खरे सांगायच्या आधी ती मारणार नाहीस ना, एवढे विचारून घेते. ते शब्द गेले तरी ती भीती आवाजात ठेवता येईल. बाराव्या वेळी मी ते हळू म्हटले, खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटत, आणि ‘उपाशी’तली ‘शी’ नुसती सोडून दिली. भाचीने कपाटाचे दार उघडले आणि म्हणाली, “हेच ठेव.”

चित्रांत आम्ही राजा दाखवलाच नाही. एक पितळी वाटी, आत्याचे हात, वासराचे ओले नाक. गावच्या देवळात पिंडीवर पडणारी धार टिपताना दूध नुसता पांढरा डाग होऊन बसायचे, म्हणून भाचीने पिंडीच्या काळ्या दगडावर नव्हे तर धारेवरच बोट दाबून उजेड कमी केला, तेव्हा कुठे दुधाला दूधपण आले. बासरीचे तयार संगीत तिने लावून पाहिले आणि तिनेच काढले. त्याऐवजी खाली धार काढल्याचा आवाज आहे. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते ती टणटणीत वाजते, मग दूध चढते, फेस येतो आणि आवाज मऊ, जाड होत जातो. तो आवाज राजाच्या प्रश्नापाशी तुटतो. पडद्यावरच्या अक्षरांचा एक घोळ मात्र शेवटच्या क्षणी लक्षात आला. बसमध्ये, कचेरीत पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून खाली मजकूर द्यावा लागतो. पण मजकूर वाक्यावाक्याने येतो आणि डोळे कानांच्या पुढे धावतात. मी अडीच सेकंद थांबले होते आणि तेवढ्यात उत्तर खाली उमटून मोकळे झाले होते. ते वाक्य दोन तुकड्यांत तोडून, ‘वासरू उपाशी’ आधी आणि उरलेले माझ्या तोंडून निघेल तेव्हाच, असे बसवण्यात भाचीची एक संध्याकाळ गेली.

ही दुसरी रील पहिलीइतकी फिरली नाही. लोक किती वेळ थांबले याचा आलेख भाचीने दाखवला. तिन्ही ‘नाही’ येतात त्या ठिकाणी रेघ घसरली होती. म्हणजे ज्या क्षणी वासरे, पोरे आणि म्हातारी माणसे उपाशी राहतात, त्याच क्षणी लोक उठून जातात. “एकच ‘नाही’ ठेवलं असतं तर?” ती म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर असेलही. मला अजून ठरवता आलेले नाही. एक वेगळीच गोष्ट मात्र मला खटकते. माझे ते मेथी लागलेले वाक्य आता दोन-तीन ठिकाणी ‘जुनी मराठी म्हण’ म्हणून सूर्योदयाच्या चित्रावर छापून आले आहे. ते जुने नाही, ते ऑगस्टमधले आहे. आनंद झाला हे खोटे कशाला सांगू. पण कहाणीच्या खऱ्या शेवटी तात्पर्य नाहीच हेही मला ठाऊक आहे. तेथे राजा म्हातारीला सोडून देतो, पुन्हा दवंडी फिरवतो, आणि मग सांगणारी तिच्यासारखेच भले तुम्हां आम्हां सगळ्यांचे मागते. शिकवण मध्येच कुठेतरी होऊन गेलेली असते आणि शेवट आशीर्वादावर होतो. ती जागा मी उपटून तेथे माझे वाक्य लावले. साठ सेकंदांत दोन्ही मावत नव्हते, एवढेच माझे समर्थन आहे.

भाद्रपदात गावी गेले तेव्हा आत्याला दुसरी रील दाखवली. तिने यावेळी चष्मा आधीच पुसला. ओटीवर बसली, मोबाइल मांडीवर ठेवला, आणि पडद्याकडे न पाहता, मान थोडी वाकडी करून, नुसती ऐकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. माझे लक्ष अर्थात शेवटच्या वाक्याकडे होते. ते आले, गेले, आणि तिच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. रील आपोआप पुन्हा सुरू झाली. या वेळी ती बोट लावायला गेली नाही. आटपाट नगर झाले, दवंडी झाली, घागरी ओतून झाल्या, म्हातारी घरून निघाली. “घरून निघताना तिनं वासरू सोडलं होतं,” माझा आवाज म्हणाला, तेव्हा चोविसावे सेकंद चालू असावे.

“हं,” आत्या म्हणाली.